डोसचे गणित कोणी तपासले?

मुलांच्या वॉर्डात 12 किलो वजनाचे, तापाने फणफणलेले मूल आहे. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम लिहिले आहे, म्हणजे एका वेळी 180 मिलिग्रॅम. कपाटात या सिरपच्या दोन बाटल्या आहेत. एकीत 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम औषध आहे, दुसरीत 250. पहिलीतून 7.2 मिलिलिटर मोजावे लागेल, दुसरीतून 3.6. बाटली बदलली आणि मोजमाप तेच राहिले, तर मुलाला दुप्पट औषध जाते.

हे गणित नर्सला कधी शिकवले गेले? आणि तिला ते येते, याची खात्री कोणी, कोणत्या दिवशी करून घेतली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही नर्सिंग स्कूल लगेच देते. दुसऱ्यापाशी बहुतेक जण अडखळतात. ते उत्तर शोधण्यासाठीच अभ्यासक्रमाचा नकाशा करतात. वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत रुजवणाऱ्यांत स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे रोनाल्ड हार्डेन यांचे नाव आघाडीवर आहे. 2001 मध्ये त्यांनी या विषयावर शिक्षकांसाठी मार्गदर्शिका लिहिली.

नकाशा म्हणजे एक मोठा तक्ता. डावीकडे नर्सला यायलाच हवीत अशी कौशल्ये एकाखाली एक लिहायची आणि वर तीन वर्षांचे विषय व वॉर्डातल्या पोस्टिंग मांडायच्या. प्रत्येक चौकटीत एक खूण येते: ‘ओ’ म्हणजे ओळख करून दिली, ‘स’ म्हणजे सराव घेतला, ‘मू’ म्हणजे मूल्यमापन केले.

आपल्याकडच्या जीएनएम पदविकेत डोसच्या गणिताची एकच ओळ भरून पाहू. पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशनमध्ये औषधे देण्याचे नियम आणि मात्रा काढण्याची रीत येते, तिथे ‘ओ’. दुसऱ्या वर्षी बालरुग्ण परिचर्येत वजनावरून मात्रा काढायची असते, तिथे ‘स’. तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्रात गरोदरपणातील झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट येते. 50 टक्के द्रावणाच्या 2 मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये 1 ग्रॅम औषध असते. प्रत्येक कुल्ल्यात 5 ग्रॅम द्यायचे, तर एका बाजूला पाच अँप्युल फोडाव्या लागतात. इथे पुन्हा ‘स’. शेवटच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये तर रोज औषधे द्यायची असतात.

ओळ भरगच्च दिसते. पण ‘मू’ कुठे आहे?

शिक्षकांना विचारले, तर प्रत्येक जण आपल्या चौकटीत ‘मू’ लिहून मोकळा होतो. म्हणून चांगल्या नकाशात एक कडक नियम हवा: ज्या ‘मू’ला पुरावा नाही, तो खोडायचा. पुरावा म्हणजे प्रश्नपत्रिकेतला नेमका प्रश्न, प्रॅक्टिकलची तपासणी-यादी किंवा लॉगबुकातली सहीची नोंद. हा नियम लावला की गोष्टी उघड होतात. लेखी पेपरात ‘औषध देण्याची तत्त्वे लिहा’ असा प्रश्न असतो. तो पाठांतर तपासतो. प्रॅक्टिकलला मॅनिकिनवर इंजेक्शन देताना सुईचा कोन, हातांची स्वच्छता, रुग्णाची ओळख यांना गुण असतात, पण औषध आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेले असते. म्हणजे गणित तीन वर्षे शिकवले आणि एकदाही तपासले नाही, असे घडू शकते.

जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये याच फरकाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: माहीत असणे, कसे करायचे ते ठाऊक असणे, करून दाखवणे आणि कामात प्रत्यक्ष करणे. ‘मू’शेजारी पायरीचा आकडा लिहिला, की लेखी प्रश्नाला एक-दोन मिळतात. तीन आणि चारच्या जागा रिकाम्या आहेत, हे कागदावरच कळते.

नकाशा आणखी एक गोष्ट दाखवतो, ती म्हणजे क्रम. एका वर्गाचे गट पाडून पोस्टिंग आलटून पालटून लावतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांच्या वॉर्डात गेलेला गट, बालकांच्या डोसचा तास होण्याआधीच तिथली औषधे हाताळू लागतो. वर्गाच्या वेळापत्रकात ही चूक दिसत नाही. ती पाहायला नकाशावर प्रत्येक गटाचा रकाना वेगळा लागतो.

इलाज फार खर्चिक नाही. मुलांच्या वॉर्डात जाण्याआधी प्रत्येक गटासाठी एक छोटी चाचणी ठेवायची. टेबलावर दोन वेगवेगळ्या शक्तीच्या बाटल्या, मुलाचे वजन लिहिलेला केसपेपर आणि मोजमापाची सिरिंज. विद्यार्थ्याने हिशेब मांडायचा, बाटली निवडायची, औषध मोजून दाखवायचे. इथे निम्म्या गुणांवर पास करण्यात अर्थ नाही; उत्तर चुकले तर शिकवून पुन्हा चाचणी घ्यायची. चौथी पायरी मात्र टेबलावर तपासता येत नाही. रात्रपाळीत, चार नातेवाईक घाई करत असताना तोच विद्यार्थी बाटलीवरचे लेबल पुन्हा वाचतो का, हे इंटर्नशिपमध्ये वॉर्डच्या सिस्टरने शेजारी उभे राहून पाहायचे आणि त्याची नोंद लॉगबुकात करायची. नकाशातली ती चौकट त्या सहीनंतरच भरायची.