रात्रीत लाल झालेली टाइल

2024-25 या आर्थिक वर्षात केंद्र सरकारच्या प्रत्यक्ष करांची निव्वळ वसुली, एप्रिल 2025 मध्ये जाहीर झालेल्या हंगामी आकड्यांनुसार, 22.26 लाख कोटी रुपये होती. मग उद्दिष्ट गाठलं की हुकलं? दोन्ही! जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात 22.07 लाख कोटींचा अंदाज होता. त्याच्याशी ताडून पाहिलं तर वसुली शंभर टक्क्यांहून किंचित जास्त. फेब्रुवारी 2025 मध्ये सुधारित अंदाज 22.37 लाख कोटींचा आला. त्याच्या तुलनेत ती साडेनव्याण्णव टक्के. निवडणुकीचं वर्ष असल्यामुळे त्याआधी अंतरिम अर्थसंकल्पात 21.99 चा आकडाही येऊन गेला होता. म्हणजे एकाच वर्षाला तीन उद्दिष्टं. अर्थखातं दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी शेजारी छापून मोकळं होतं. डॅशबोर्डवरच्या टाइलला मात्र ती चैन नाही. तिथे जागा एका आकड्याची आणि रंग एकच, हिरवा किंवा लाल.

आणि तो रंग कधीकधी काहीही न घडता बदलतो. पंप विकणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. वर्ष एप्रिल ते मार्च, उद्दिष्ट 1200 पंप, म्हणजे महिन्याला 100. सप्टेंबरअखेर बरोबर 600 विकले गेलेत. टाइल सांगते, आजवर जितकं व्हायला हवं होतं त्याच्या 100 टक्के. हिरवी. 1 ऑक्टोबरपासून वरिष्ठांनी उद्दिष्ट 1500 केलं. रात्री रिफ्रेश झाला आणि सकाळी त्याच 600 पंपांवर टाइल 80 टक्के दाखवू लागली. लाल. रात्रभरात ना एक पंप परत आला, ना एखादी ऑर्डर रद्द झाली.

झालं काय, तर रिफ्रेशने 1500 ला बाराने भागलं, महिन्याला 125 काढले, सहा महिन्यांचे 750 धरले आणि 600 ला 750 ने भागलं. गणितात चूक नाही. पण त्याने एप्रिलमधल्या माणसांकडून असं काहीतरी मागितलं, जे एप्रिलमध्ये त्यांच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

यावर उपाय म्हणजे अपेक्षेची रेषा बदलाच्या तारखेला वाकवायची. सप्टेंबरअखेरपर्यंत ती जुन्याच चढाने जाते आणि 600 वर पोचते. उरलेले 900 पुढच्या सहा महिन्यांत, म्हणजे महिन्याला 150. डिसेंबरअखेर अपेक्षा 1050 ची. भूतकाळ पुन्हा लिहिणारी सरळ रेषा तिथे 1125 मागते. मार्चअखेर दोन्ही रेषा 1500 वर एकमेकींना भेटतात. गंमत इथेच आहे: वर्षाच्या शेवटी दोघींचं उत्तर एक, पण अधल्यामधल्या प्रत्येक दिवशी निकाल वेगळा.

आता एक बारीक प्रश्न. सप्टेंबरअखेर 600 ऐवजी 500 च पंप विकले गेले असते तर रेषा कुठून वाकवायची, 600 पासून की 500 पासून? माझं मत ठाम आहे: 600 पासून. 500 पासून वाकवली तर शंभर पंपांची तूट त्या दिवशी गुपचूप माफ होते, आणि उद्दिष्ट वाढवलं की टाइल हिरवी होते असा चमत्कार पाहायला मिळतो. प्रत्यक्ष विक्रीपासून मोजायचा आकडा वेगळा आहे, तो म्हणजे इथून पुढे लागणारा वेग. 1500 मधून 500 वजा केले की 1000 उरतात, त्यांना सहाने भागलं की महिन्याला साधारण 167. तो टाइलवर खाली लहान अक्षरात द्यावा, पण रंग त्यावरून ठरवू नये.

महिन्यांची समान वाटणीसुद्धा आपली सोयच. आगाऊ कराचे हप्ते पाहा: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत शंभर. सरळ दिवस मोजणारी टाइल 14 जूनला वीस टक्क्यांची अपेक्षा धरून बसेल, आणि पहिल्या हप्त्याची मुदत तर दुसऱ्या दिवशी संपते. पंपांचंही तसंच. समजा उन्हाळ्याच्या तोंडावर, जानेवारी ते मार्चमध्ये, त्याआधीच्या तीन महिन्यांच्या दुप्पट विक्री होते. मग उरलेले 900 हे 300 आणि 600 असे वाटले जातील आणि डिसेंबरअखेरची अपेक्षा 1050 नव्हे, 900 असेल.

हे सगळं जमण्यासाठी उद्दिष्ट हा एका रकान्यातला आकडा असून चालत नाही. जुन्या 1200 वर 1500 लिहून टाकले की जुनी रेषा काढायला काही उरतच नाही. प्रत्येक बदलाची नवी ओळ हवी आणि तिच्यावर दोन तारखा: कधीपासून लागू आणि कधी नोंदवलं. उद्दिष्ट मुळात 1500 च होतं आणि कुणीतरी चुकून 1200 टंकलं, तर ती दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये नोंदली जाते पण लागू 1 एप्रिलपासून होते. तेव्हा भूतकाळ बदलणंच योग्य, आणि 80 टक्के हेच खरं उत्तर. आकडा तोच, पण ‘कधीपासून’ वेगळं, म्हणून रंगही वेगळा. एखाद्या दिवशी लागू असलेलं उद्दिष्ट असं शोधता येतं:

```sql
SELECT amount FROM targets
WHERE effective_from <= :as_of
ORDER BY effective_from DESC, recorded_at DESC
LIMIT 1;
```

रिफ्रेशने दरवेळी या ओळींपासून वर्षाची संपूर्ण रेषा नव्याने काढावी. कालच्या साठवलेल्या अपेक्षेत आजची भर घालणारा रिफ्रेश एखाद्या रात्री दोनदा चालला, की भरही दोनदा पडते. लागोपाठ दोन रिफ्रेश केल्यावर, मधे डेटा न बदलता, टाइल हलली तर दोष इथे शोधावा.

`:as_of` मध्ये कुठली तारीख घालायची हे मला सर्वांत मजेशीर वाटतं. सहज हात जातो तो ‘आज’कडे. पण `TODAY()` चा आज कुणाचा? पॉवर बीआयमध्ये हे फंक्शन कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये असेल तर तारीख रिफ्रेशच्या क्षणी गोठते. मेजरमध्ये असेल तर कुणी अहवाल उघडेल तेव्हाची मिळते. त्यामुळे रविवारी रिफ्रेश अडकला तर मेजरवरची अपेक्षा रोज वर चढत राहते, विक्री मात्र शनिवारचीच, आणि टाइल हळूहळू लालीकडे सरकते. शिवाय पॉवर बीआय सर्व्हिसमध्ये हे घड्याळ यूटीसीवर चालतं, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे 1 ऑक्टोबरच्या पहाटे दोनला रिफ्रेश झाला, तर तिथे अजून 30 सप्टेंबरची रात्र साडेआठ असते. तारीख कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये असेल तर नवं उद्दिष्ट लागूच होत नाही आणि सकाळी टाइल जुन्या 1200 वर बसलेली दिसते. म्हणून ‘आज’ऐवजी विक्रीचा डेटा ज्या तारखेपर्यंत पूर्ण आला आहे ती तारीख वापरावी आणि टाइलवर छापावी. शेजारी ‘उद्दिष्ट 1 ऑक्टोबरपासून 1500, आधी 1200’ एवढी ओळ असली, की सकाळचे निम्मे फोन वाचतात.

उद्दिष्ट खाली आणलं तर उलटी पंचाईत. 600 विकले गेले असताना ते 550 केलं, तर उरलेलं काम उणे 50 भरतं आणि वाकवलेली रेषा उताराला लागते, म्हणजे विक्री न करता दर महिन्याला प्रगती! अशा वेळी रेषा 550 वर आडवी करावी, लागणारा वेग शून्य दाखवावा आणि टाइलवर टक्क्यांऐवजी सरळ ‘उद्दिष्टापेक्षा 50 जास्त’ असं लिहावं.