भरतीचा तक्ता आणि कंसातला आकडा

पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट छापून येते. आज भरती किती वाजता आणि किती मीटर, ओहोटी किती वाजता आणि किती मीटर, एवढंच त्यात असतं. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल आणि नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस आला, तर शहरातलं पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही, म्हणून अशा दिवशी सगळे या आकड्यांकडे बघतात. मधल्या तासांचं मात्र त्यात काहीच नसतं. दुपारी तीनला पाणी किती असेल? हे काढण्याचं साधन अकरावीच्या गणितात आहे : साइन आणि कोसाइनचा आलेख. आयाम, आवर्तकाल आणि फेज शिफ्ट या ज्या तीन गोष्टी विद्यार्थी सूत्र म्हणून पाठ करतात, त्या या चौकटीतल्या दोन ओळींत डोळ्यांना दिसतात.

समजा, एके दिवशी चौकटीत असं आहे : भरती सकाळी ११ वाजता, ४.५ मीटर, ओहोटी संध्याकाळी ५ वाजून १२ मिनिटांनी, ०.७ मीटर. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर मध्यरात्रीपासूनचे तास घ्या, उभ्या अक्षावर पाण्याची उंची. दोन बिंदू ठेवले की पहिलं काम मधली रेषा शोधण्याचं. ४.५ आणि ०.७ यांची सरासरी २.६. या उंचीवर एक आडवी तुटक रेषा काढून ठेवावी, कारण लाट हिच्याच वर-खाली होते. या रेषेपासून माथा १.९ मीटर वर आहे आणि तळही तेवढाच खाली. हा १.९ म्हणजे आयाम. काही मुलं ४.५ लिहितात, काही माथ्यापासून तळापर्यंतचं सगळं अंतर म्हणजे ३.८ लिहितात. मधली रेषा आधी काढली असेल तर या दोन्ही चुका होत नाहीत.

आता आवर्तकाल. माथ्यापासून तळापर्यंत ६ तास १२ मिनिटं लागली. पण हे अर्धंच आवर्तन झालं. पुन्हा माथ्यावर यायला तेवढाच वेळ लागेल. म्हणजे आवर्तकाल १२ तास २४ मिनिटं, दशांशात १२.४ तास. हा आकडा चंद्रावरून येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो, म्हणून तो पुन्हा डोक्यावर यायला सरासरी २४ तास ५० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दोन भरत्या होतात. उद्याची भरती आजच्यापेक्षा साधारण पाऊण तास ते तासभर उशिरा येते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

कोसाइनचं एक आवर्तन ३६० अंशांत पुरं होतं आणि आपलं १२.४ तासांत. ३६० ला १२.४ ने भागलं की जवळजवळ २९ येतात. म्हणजे घड्याळाचा एक तास आलेखाचे २९ अंश खातो. सूत्रात चलाच्या मागे बसणारा गुणक तो हाच. गुणक वाढला तर एका तासात जास्त अंश संपतात, आवर्तन लवकर पुरं होतं आणि आलेख आडवा दाबला जातो. त्यामुळे sin २x चा आवर्तकाल दुप्पट नसून निम्मा, म्हणजे १८० अंश असतो.

राहिली फेज शिफ्ट. खरा गोंधळ इथेच होतो. कोसाइनचा आलेख शून्य अंशाला माथ्यावर असतो. आपला माथा ११ वाजता आहे. तेव्हा कोसाइनच्या कंसात असं काही हवं, जे ११ वाजता शून्य होईल. t − ११ हे तसं आहे. ‘उजवीकडे सरकवायचं तर उणे का?’ असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि त्याचं उत्तर एवढंच आहे : माथ्याच्या क्षणी कंस शून्य झाला पाहिजे. सगळं एकत्र मांडलं की सूत्र तयार होतं :

y = २.६ + १.९ cos [२९°(t − ११)]

दुपारचे तीन म्हणजे t = १५. कंसातले चार तास गुणिले २९, म्हणजे ११६ अंश. त्याचा कोसाइन सुमारे −०.४४. त्याला १.९ ने गुणून २.६ मध्ये मिळवलं की सुमारे १.८ मीटर मिळतात. वर्तमानपत्राने न छापलेला आकडा हातात आला.

आता हेच सूत्र कंस सोडवून लिहा. २९ गुणिले ११ म्हणजे ३१९, तेव्हा y = २.६ + १.९ cos (२९°t − ३१९°). सूत्र तेच, आलेख तोच. पण पुस्तकातली उदाहरणं बहुतेक याच रूपात येतात आणि विद्यार्थी बेधडक लिहितो : फेज शिफ्ट ३१९. इथे ३१९ तासांचा काही संबंध नाही. सरक ११ तासांचीच आहे. ती मिळवायला ३१९ ला चलाच्या गुणकाने, म्हणजे २९ ने भागावं लागतं. आयाम आणि आवर्तकाल बरोबर काढून आलेख भलत्याच जागी काढलेला दिसला, की बहुतेक वेळा ही एकच पायरी सुटलेली असते.

पुस्तकी उदाहरणावर हे ताडून पाहू : y = ३ sin (२x − ६०°). आयाम ३, आवर्तकाल १८०°. आलेख कुठून सुरू होतो? साइन शून्यातून वर चढायला लागतो तेव्हा कंस शून्य असतो. २x − ६०° = ०, म्हणून x = ३०°. सरक ३० अंश उजवीकडे. ज्याने ६० अंश धरले त्याने आपलं उत्तर सूत्रात घालून बघावं : x = ६०° ठेवल्यावर कंसात ६०° उरतात आणि y येतो सुमारे २.६. तिथे आलेख शून्यावर नाहीच, उलट माथ्याजवळ पोचलेला आहे. सुरुवातीचा बिंदू सूत्रात परत घालून पाहायला दहा सेकंद लागतात आणि चूक हमखास सापडते. अधिक-उणेच्या खुणेचे नियम पाठ करण्यापेक्षा ‘कंस कधी शून्य होतो’ एवढं विचारण्याची सवय मला जास्त भरवशाची वाटते.

सुरुवात ठरली की काढणं सोपं आहे. आवर्तकालाचे चार समान भाग करायचे आणि पाच बिंदू ठेवायचे. इथे १८० चा चौथा भाग ४५, तेव्हा बिंदू ३०, ७५, १२०, १६५ आणि २१० अंशांवर. उंची अनुक्रमे ०, ३, ०, −३, ०. मधल्या रेषेवर, माथा, मधली रेषा, तळ आणि परत मधली रेषा, हा साइनचा क्रम. कोसाइन माथ्यापासून सुरू होतो, म्हणून आपल्या भरतीचे पाच बिंदू ११.००, १४.०६, १७.१२, २०.१८ आणि २३.२४ वाजताचे. आधी बिंदू आणि मग अक्षावरचे आकडे, असंही चालतं; कोऱ्या अक्षावर नीट अंतराने पाच बिंदू ठेवून त्याखाली आकडे लिहिले तर आलेख कधी वेडावाकडा येत नाही.

हे बिंदू मात्र पट्टीने जोडायचे नाहीत. साइन शून्यापासून ३० अंशांपर्यंत जाताना निम्मी उंची, म्हणजे ०.५, गाठतो. ६० ते ९० या शेवटच्या ३० अंशांत तो ०.८७ वरून १ वर, जेमतेम ०.१३ चढतो. म्हणून रेषा मधल्या अक्षाला छेदताना सर्वांत तिरपी असते आणि माथ्यावर जवळजवळ आडवी होते. टोकदार माथा काढला की आलेख साइनचा राहत नाही. समुद्रावर हा आकार वापरात आहे. दर्यावर्दी मंडळी ओहोटीच्या सहा तासांत पाणी किती उतरेल याचा अंदाज बाराव्या भागांनी घेतात : पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. हा ढोबळ नियम कोसाइनच्या आकारातूनच येतो. भरती पुरी झाल्यावर पाणी बराच वेळ ‘थांबल्यासारखं’ दिसतं, त्याचं कारणही माथ्याचा हाच सपाटपणा.

एक गोष्ट मुलांना अस्वस्थ करते : एकाच आलेखाची दोघांची उत्तरं वेगळी आणि दोन्ही बरोबर. आपली भरती साइननेही लिहिता येते. पाणी मधल्या रेषेवरून वर चढतं ते माथ्याच्या पाव आवर्तन आधी, म्हणजे ३.१ तास आधी, ७.९ ला; घड्याळात ७ वाजून ५४ मिनिटांनी. तेव्हा y = २.६ + १.९ sin [२९°(t − ७.९)] हाही तोच आलेख. सरक कोसाइनने मोजली तर ११, साइनने मोजली तर ७.९. पुढच्या माथ्यापासून मोजली तर २३.४ सुद्धा चालेल. म्हणून फेज शिफ्ट सांगताना ती कोणत्या वक्राच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही हे स्पष्ट लिहायला हवं.

खऱ्या समुद्राचा आलेख एका कोसाइनने पुरा होत नाही. सूर्यामुळे येणाऱ्या लाटेचा आवर्तकाल बरोबर १२ तासांचा, चंद्राच्या लाटेहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांचे माथे एकमेकांवर येतात आणि उधाणाची भरती होते. अष्टमीच्या आसपास एकाच्या माथ्यावर दुसऱ्याचा तळ येतो आणि भांगाची भरती होते. शिवाय दिवसातून एकदाच येणाऱ्या लाटाही असतात, म्हणून मुंबईत एकाच दिवसाच्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते. भरतीचे तक्ते अशा अनेक कोसाइनची बेरीज करून बनतात. प्रत्येकाचा आवर्तकाल खगोलातून ठरलेला असतो. आयाम आणि फेज मात्र त्या त्या बंदरातल्या नोंदींवरून काढावे लागतात. मुंबईत अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. ही बेरीज यंत्राने करण्याची कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८७२ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली आणि १८७९ मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी असंच एक यंत्र लंडनमध्ये तयार झालं. आज हे तक्ते सर्व्हे ऑफ इंडिया प्रसिद्ध करतं.

घरात अकरावीचा विद्यार्थी असेल तर या आठवड्यातल्या एखाद्या दिवसाची भरती आणि ओहोटी त्याला द्या आणि मधल्या तीन तासांची उंची काढायला सांगा. नंतर तासातासाच्या तक्त्याशी ताडून पाहा. थोडा फरक राहील, तो बाकीच्या लाटांचा. फरक मीटरभराचा आला, तर आधी कंसातला आकडा गुणकाने भागला होता का ते तपासा.