गृहपाठाबद्दल वर्गशिक्षिकेला लिहिताना

चौथीतल्या मुलीचा गृहपाठ रात्री साडेनऊपर्यंत लांबला की पालकांचा हात आधी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे जातो. तिथे बाकीचे पालक री ओढतात आणि शिक्षिकेच्या कानावर पडते ती नुसती कुरबूर. त्यापेक्षा थेट ईमेल बरा. मात्र आधी आठवडाभर नोंद ठेवावी: कोणता विषय, किती वेळ, मूल कुठे अडलं. मग पत्र नेमकं होतं.

‘मॅडम, नमस्कार. गेल्या आठवड्यात मुलीला रोज साधारण दीड तास लागला. त्यातला पाऊण तास पाठाखालचे प्रश्न वहीत उतरवून घेण्यातच गेला. गणितं ती २० मिनिटांत करते. प्रश्न न लिहिता फक्त उत्तरं लिहिली तर चालेल का? की तिचाच लिहिण्याचा वेग कमी पडतोय? वर्गात तुम्हाला काय दिसतं ते कळवलंत, तर घरी तसा सराव घेऊ.’

वेगाबद्दलचा प्रश्न यात सर्वांत मोलाचा आहे. इतर मुलांचं तेच काम अर्ध्या तासात होत असेल, तर गृहपाठ कमी करून भागणार नाही. लेखनाच्या अडचणीकडेच बघावं लागेल.

केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास गृहपाठ सुचवला आहे. ही मर्यादा पालकांना माहीत असावीच, पण पहिल्याच पत्रात ती पुढे केली की संवादाची तक्रार होते. शिवाय विषय वेगवेगळ्या शिक्षकांकडे असले, तर एकूण बोजा कुणालाच दिसत नाही. कोणत्या वारी तीन विषय एकदम आले, हे वर्गशिक्षिकेला कळलं तर त्यातला एक दुसऱ्या दिवशी हलवता येतो.