ढगाची चकती: जवळून आणि लांबून

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप तिचेच. वादळी ढगातला प्रभार समजून घ्यायची पहिली ढोबळ पायरी म्हणजे त्याचा थर एकसमान प्रभारित चकती मानणे. अक्षावरची सूत्रे बीएस्सीच्या मुलांना पाठ असतात, गैरसमजही तिथेच असतात.

E = (σ/2ε₀)(1 − z/√(z²+R²))
V = (σ/2ε₀)(√(z²+R²) − |z|)

E चे हे रूप z > 0 साठी आहे. उदाहरणाला 2 किमी त्रिज्येची, 20 कूलोम प्रभाराची चकती घेऊ. ढगाचा हा थर बहुधा ऋण असतो, पण इथे आकडे फक्त परिमाणाचे. σ/2ε₀ येते सुमारे 90 किलोव्होल्ट प्रतिमीटर.

गैरसमज: चकतीच्या जवळ जाल तसे क्षेत्र अनंताकडे जाते. हा बिंदूप्रभाराचा गुण आहे. 100 मीटरवर kQ/z² वापरले तर मीटरला 1.8 कोटी व्होल्ट येतात. कोरडी हवा 30 लाखांच्या आसपासच फुटते, म्हणजे उत्तर चुकल्याचे तिथेच कळावे. चकतीचे सूत्र 85 किलोव्होल्ट प्रतिमीटर देते, आणि अगदी पृष्ठभागापाशीही ते 90 च्या पुढे जात नाही. विभव मध्यावर σR/2ε₀, म्हणजे सुमारे 18 कोटी व्होल्ट: प्रचंड, पण मर्यादित. चकती ओलांडताना क्षेत्राची दिशा एकदम उलटते, विभव मात्र सलग राहतो. |z| च्या जागी नुसते z लिहिणाऱ्याला पलीकडच्या बाजूला दूर जाताना वाढत जाणारा विभव मिळतो, आणि चूक उघडी पडते.

गैरसमज: लांबवर कंस शून्य होतो, म्हणून क्षेत्र नाहीच. शून्याकडे जातो खरा, पण किती वेगाने, हे विचारायला हवे. z हे R पेक्षा बरेच मोठे असेल तर कंस R²/2z² एवढा उरतो, आणि πR²σ = Q टाकले की kQ/z² परत मिळते. सुधारणा धरली तर गुणक सुमारे 1 − 3R²/4z². विभवाचा गुणक मात्र 1 − R²/4z², म्हणून विभव बिंदूप्रभाराच्या उत्तराशी लवकर जुळतो. 5 किमीवर चकतीचे क्षेत्र 6.4 किलोव्होल्ट प्रतिमीटर आणि बिंदूचे 7.2, म्हणजे बिंदूचे उत्तर 12 टक्के जास्त. विभवात हाच फरक 4 टक्के. 10 किमीवर क्षेत्रातला फरक 3 टक्क्यांवर येतो. फार मोठ्या z ला कॅल्क्युलेटरवर 1 मधून जवळजवळ 1 वजा करू नका, आकडे गळून पडतात. तिथे सरळ kQ/z² घ्या.

एकसमान प्रभार हे गृहीतक आहे. धातूच्या चकतीवर प्रभार कडेला दाटतो, तिथे ही सूत्रे लागू नाहीत. खऱ्या ढगात धन आणि ऋण असे एकाहून अधिक थर असतात. आणि जमीन वाहक असल्याने या चकतीचे जमिनीवरचे क्षेत्र दुप्पट होते: 5 किमी खाली 6.4 नव्हे, सुमारे 12.9 किलोव्होल्ट प्रतिमीटर.