गरोदरपणातली अर्धशिशी: केव्हा थांबते, केव्हा परतते

अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त असते. त्यातल्या बऱ्याच जणींचे डोके पाळीच्या आदल्या दोन दिवसांत किंवा पाळी सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत उठते. पाळी येण्याआधी रक्तातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी झपाट्याने खाली येते. पातळी कमी असण्यापेक्षा तिचे असे एकदम घसरणे मेंदूला सोसत नाही. १९७२ मध्ये सॉमरव्हिल या संशोधकाने पाळीच्या आधी काही स्त्रियांना इस्ट्रोजेनचे इंजेक्शन देऊन पाहिले, तेव्हा पाळी वेळेवर आली, पण डोकेदुखी लांबली. गरोदरपणात अर्धशिशी का थांबते आणि बाळंतपणानंतर का परतते, याचा उलगडा या एका गोष्टीतून बराचसा होतो.

दिवस गेल्यावर पाळीबरोबरच इस्ट्रोजेनची दरमहाची चढउतारही थांबते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वार हे संप्रेरक स्वतः तयार करू लागते आणि बाळंतपणापर्यंत त्याची पातळी चढतच राहते. घसरण नाही, म्हणून झटकेही विरळ होतात. निम्म्याहून अधिक, काही पाहण्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांना चौथ्या महिन्यानंतर स्पष्ट आराम पडतो. ज्यांची अर्धशिशी पाळीशी बांधलेली असते, त्यांना तो सर्वांत जास्त मिळतो. मात्र डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसणे किंवा हाताला मुंग्या येणे अशी पूर्वछाया, म्हणजे ऑरा, ज्यांना असते त्यांना हा आराम कमी मिळतो. वाढलेल्या इस्ट्रोजेनने मेंदूचा पृष्ठभाग अधिक उत्तेजित होतो आणि ऑरा तिथूनच उठते. काहींना ती गरोदरपणातच आयुष्यात पहिल्यांदा दिसते.

पहिले तीन महिने मात्र बहुधा कठीण जातात. समजा, २९ वर्षांच्या एका नोकरदार स्त्रीला कॉलेजच्या दिवसांपासून दर पाळीला अर्धशिशी होते. तिला सातवा आठवडा लागला आहे. उलट्यांमुळे सकाळचे खाणे सुटले, पाणी पोटात ठरत नाही, झोप मोडते, आणि बाळाच्या काळजीपोटी तिने दिवसाचे चार कप चहा एका दिवसात बंद केले. यातले प्रत्येक कारण एकटेही डोके उठवू शकते, चहा अचानक सोडणेसुद्धा. म्हणून तिचा पहिला उपचार औषधाविना होतो: दर दोन-तीन तासांनी थोडे खाणे, घोटघोट पाणी, ठरल्या वेळी झोप आणि चहा एकदम न तोडता दिवसाला एक-दोन कपांवर आणणे. दिवसभरात २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन गरोदरपणात चालते.

तरीही डोके उठलेच, तर पहिले औषध पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या दुखणे सुरू होतानाच घ्यायच्या. दुपारपर्यंत कळ काढून घेतलेली गोळी फारशी काम करत नाही. अर्धशिशीत जठराची हालचाल मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते. म्हणून डॉक्टर जोडीला अनेकदा मेटोक्लोप्रामाइड देतात. त्याने उलटी थांबते आणि गोळी पुढे सरकते. पॅरासिटामॉलने मुलांना स्वमग्नता येते, अशी भीती अलीकडे पसरली होती. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध दिसला नाही.

पॅरासिटामॉल पुरले नाही, तर डॉक्टर सुमाट्रिप्टानचा विचार करतात. ट्रिप्टान गटात गरोदर स्त्रियांविषयी सर्वाधिक माहिती याच औषधाची आहे, आणि त्यात बाळातील जन्मजात दोषांचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर मात्र ते देत नाहीत. आयबुप्रोफेनला वेळेचे बंधन आहे. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. आणखी पुढे, बाळाच्या हृदयालगतची जी रक्तवाहिनी जन्मानंतरच बंद व्हायची असते, ती गर्भातच आवळू शकते. म्हणून ते मनाने घेऊ नये.

अर्गोटामिन मात्र पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि बाळाचा रक्तपुरवठा घटतो. भारतात ते कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीच्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिळते. घरात वर्षानुवर्षे ‘डोकेदुखीची गोळी’ म्हणून ठेवलेल्या पाकिटावरची घटकद्रव्ये त्यासाठीच वाचावीत.

झटके टाळण्यासाठी रोज घ्यायच्या औषधांचा निर्णय शक्यतो दिवस राहण्याआधी व्हावा. व्हॅल्प्रोएटमुळे बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो आणि बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. टोपिरामेटमुळे ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. पण अपस्मारासाठी यातले औषध चालू असेल, तर ते स्वतःहून बंद करू नये. गरज पडलीच, तर प्रोप्रॅनोलॉल किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमीत कमी मात्रेत देतात. चौथ्या महिन्यानंतर झटके आपोआप घटत असल्याने अनेकींना तेही लागत नाही.

उदाहरणातल्या स्त्रीचे डोके पाचव्या महिन्यापासून दुखलेले नाही आणि चौतिसाव्या आठवड्यात ते पुन्हा दुखू लागले. ‘जुनीच अर्धशिशी’ म्हणून हे सोडून देता येत नाही. विसाव्या आठवड्यानंतरच्या नव्या किंवा वेगळ्या डोकेदुखीत आधी रक्तदाब मोजायचा आणि लघवीतली प्रथिने तपासायची. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, नजर धूसर होत असेल, छातीच्या खाली उजवीकडे दुखत असेल, तर ते प्रीएक्लॅम्पसिया असू शकते, आणि अर्धशिशी असलेल्या स्त्रियांत त्याचा धोका थोडा जास्तच असतो. क्षणार्धात कळस गाठणारी डोकेदुखी, ताप व मान आखडणे, झटके येणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे.

वार बाहेर पडताच इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळते. पाळीपूर्वीची घसरण इथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर होते. त्यातच रात्रीची जागरणे असतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच अनेकींचे डोके पुन्हा उठते. तेव्हाही वेगळी कारणे ओळखावी लागतात. बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी सिझेरियनसाठी पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे असते. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. शरीरातले पाणी कमी झाल्याने हा धोका वाढतो, म्हणून बाळंतिणीला पाणी तोडून देण्याची जुनी रीत घातक ठरते.

अंगावर पाजत असताना उपचारांची मोकळीक उलट वाढते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही चालतात, कारण दुधात त्यांचा फार थोडा अंश उतरतो. सुमाट्रिप्टानही दुधात थोडेच जाते आणि बाळाच्या पोटातून फारसे शोषले जात नाही, त्यामुळे दूध पिळून टाकण्याची गरज नसते. अ‍ॅस्पिरिनच्या वेदनाशामक मात्रा आणि अर्गोटामिन टाळावे. अर्गोटामिनने दूध कमी होते आणि बाळाला उलट्या होऊ शकतात. रोजच्या औषधांत प्रोप्रॅनोलॉल सोयीचे मानतात. अंगावर पाजल्याने पाळी लांबते आणि इस्ट्रोजेन खालच्या पण स्थिर पातळीवर राहते, त्यामुळे काही स्त्रियांत झटके उशिरा परततात. पाळी सुरू झाली, की अर्धशिशी बहुधा आपल्या जुन्या वेळापत्रकावर येते.