'तरी' नंतरचं वाक्य

शेजारचे काका तहसीलदारांना द्यायचा अर्ज घेऊन आले होते. फुलस्केपची दोन्ही पानं भरलेली. सुरुवात अशी: 'मी आपल्या तालुक्यातील रहिवासी असून वडिलोपार्जित शेती करून माझ्या कुटुंबाचा उदरनिर्वाह करत आहे.' पुढे वाटणी, विहीर, पाऊस, थोरल्या भावाचं निधन आणि बँकेत मारलेल्या चार फेऱ्या. विषयाच्या ओळीत एवढंच होतं, 'सातबाऱ्याबाबत'. दीड पान वाचून झालं तरी काकांना नेमकं काय हवंय, ते कळत नव्हतं.

अशा वेळी मी कागदावर 'तरी' हा शब्द शोधतो. मराठी अर्जाची घडणच अशी आहे की आधी हकीकत येते आणि शेवटी 'तरी साहेबांनी कृपया...' म्हणून मागणी. शाळेत रजेचा अर्ज लिहिताना हेच वळण हाताला लागतं. म्हणजे मागणी कच्च्या मसुद्यात बहुतेक वेळा असतेच, फक्त तळाशी. काकांच्या अर्जात ती दुसऱ्या पानाच्या शेवटी सापडली: 'तरी सदर चूक दुरुस्त करून मला न्याय मिळावा ही नम्र विनंती.'

हे वाक्य उचलून वर ठेवलं की काम झालं, असं वाटतं. पण तसं केलं, तर पहिल्या ओळीतला वाचणारा विचारणार, सदर म्हणजे कोणती? 'सदर', 'वरील', 'उपरोक्त' हे शब्द मागच्या मजकुराच्या आधारावर उभे असतात. वाक्य वर आणलं की तो आधार सुटतो. म्हणून त्या प्रत्येक शब्दाच्या जागी खरी वस्तू लिहावी लागते. 'न्याय मिळावा' हेही बदलावं लागतं, कारण न्याय म्हणजे कोणत्या कागदावर कोणता बदल, हे त्यातून समजत नाही.

मी काकांना विचारलं, "चूक कुठे आहे? बोट ठेवा." त्यांनी दोन सातबारे पुढे केले. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर, संगणकावरच्या उताऱ्यावर ०.१८. आकडे उलटे पडले होते. दोन एकरांचे अठरा गुंठे झाले आणि बँक पीककर्जही तेवढ्यावरच द्यायला निघाली.

मग पहिलं वाक्य लिहिलं: 'गट क्रमांक २१४ च्या संगणकीकृत सातबाऱ्यावर जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यातील क्षेत्राची नक्कल करताना झालेल्या लेखनप्रमादामुळे माझ्या नावे नोंदलेले ०.१८ हेक्टर क्षेत्र ०.८१ हेक्टर असे दुरुस्त करावे.' मागणी पहिल्या ओळीत आली, तरी पुन्हा लांबणीवरच पडली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य जितकं फुगेल तितकं 'करावे' लांब जातं. कारण दुसऱ्या वाक्यात सोडलं:

'गट क्रमांक २१४ च्या सातबाऱ्यावरील माझे क्षेत्र ०.१८ ऐवजी ०.८१ हेक्टर असे दुरुस्त करावे, ही विनंती. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावरून संगणकात नोंद घेताना आकडे उलटे पडले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ प्रमाणे ही लेखनातील चूक आहे.'

बाकीचा कागद हाताने झाकून मी पहिली ओळच काकांच्या सुनेला वाचायला दिली. "क्षेत्र बदलायचंय, अठराचं एक्याऐंशी," ती म्हणाली. आवक घेणाऱ्या कारकुनाला अर्ज कुठल्या टेबलावर पाठवायचा, हे ठरवायला एवढं पुरतं. विषयाच्या ओळीतही तेच थोडक्यात घातलं.

खरी अडचण पुढे आली. पहिली ओळ ठरल्यावर तिच्याशी नातं नसलेला मजकूर आपोआप उघडा पडतो. पाऊस आणि विहीर गेली. बँकेची एक ओळ ठेवली, कारण घाई का आहे ते त्यातून कळतं. थोरल्या भावाचं निधन मात्र खोडवेना. काकांना वारस नोंदही हवी होती आणि ती मागणी हकिकतीच्या मधोमध दडलेली होती. लेखनातली चूक कलम १५५ खाली तहसीलदारांकडे जाते, तर वारसाची वर्दी तलाठ्याकडे द्यावी लागते. दोन्ही मागण्या एका ओळीत कोंबल्या असत्या, तर एक नक्की मागे राहिली असती. म्हणून वारस नोंदीचा वेगळा अर्ज केला, त्याची पहिली ओळ वेगळी.

भावकीत क्षेत्राबद्दल तंटा असता, तर मात्र अशी पहिली ओळ लिहून उपयोग नव्हता. कलम १५५ लेखनातल्या किंवा संबंधितांनी कबूल केलेल्या अशा चुकांसाठी आहे, हक्काचा वाद त्यात सुटत नाही.

काकांना हे कोरडं वाटलं. "एकदम मागायचं? साहेबांना काय वाटेल?" मी म्हटलं, "वर 'महोदय' आहे, ओळीच्या शेवटी 'विनंती' आहे. मान राखलाय." ते पुन्हा वाचू लागले. आता पाऊण पान उरलं होतं आणि खाली सोबत जोडलेल्या दोन सातबाऱ्यांची नोंद होती. त्यांनी सही केली आणि पोच घेण्यासाठी दुसरी प्रत मागितली.