विटांच्या तुकड्यांचा भराव
स्नानगृहाचा स्लॅब लगतच्या स्लॅबपेक्षा खाली घेतल्याने राहणारा खळगा, सांडपाण्याचे नळ बसविल्यावर, विटांचे तुकडे व सिमेंटचा मसाला यांनी भरतात. हा भराव पाणी अडवीत नाही. म्हणून आधी खळग्याच्या तळास व बाजूंस जलरोधक थर देऊन दोन दिवस पाणी साठवितात. खालच्या छतास ओल आल्यास दोष तेव्हाच काढतात, कारण पुढे सर्व फरशी उखडावी लागते.

समजा, खळगा १·८ मी. लांब, १·२ मी. रुंद व ३० सेंमी. खोल आहे. वरचे ५ सेंमी. समतल थरासाठी सोडल्यास भरावाचे घनफळ ०·५४ घ.मी. होते. तुकड्यांत ३५ टक्के पोकळी धरल्यास १ : ६ प्रमाणाचा सु. ०·१९ घ.मी. मसाला, म्हणजे जेमतेम एक पोते सिमेंट लागते. भरावाचे वजन मात्र सु. एक टन भरते. स्लॅबच्या अभिकल्पात ते धरलेले असावे.

तुकडे चांगल्या भाजलेल्या विटांचे व पाण्यात भिजविलेले असावेत. कोरडे तुकडे मसाल्यातील पाणी शोषतात व तो भुसभुशीत राहतो. मसाला सांध्यांत खोलवर ठासतात. अखेरीस १ : ४ मसाल्याच्या थराला जाळीकडे सु. १०० स १ असा उतार देतात. फरशी ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास तिच्याखाली पोकळी राहिल्याची शंका घ्यावी.